जंगल कुणाच्या नावावर ते नंतर बघू, दंडाची पावती कोण फाडतं ते आधी सांगा

वनधोरण आखणाऱ्या, त्यावर सल्ला देणाऱ्या आणि शेवटी त्यावर सही करणाऱ्या सगळ्यांना,

स.न.वि.वि.

जंगलाचं काय करायचं यावर चर्चा बसली की ठरलेले तीन गट पडतात. एक म्हणतो सरकारच्या ताब्यात ठेवा, नाहीतर लोक तोडून खातील. दुसरा म्हणतो सरकारला काही जमत नाही, खासगी मालकाला द्या, स्वतःचं असलं की माणूस जपतो. तिसरा म्हणतो गावाला द्या, गावंच जपत आलीत. मग प्रत्येक जण आपल्या सोयीचं एकेक उदाहरण टेबलावर ठेवतो आणि चहा पिऊन मंडळी उठतात, आणि फाईलवर जे आधीच ठरलेलं असतं तेच उमटतं. मला या भांडणात एक गोष्ट कायम खटकते, ती म्हणजे सगळे सातबाऱ्यावर नाव कुणाचं यावरच अडून बसतात, पण जंगलात रोज कोण फिरतं, चोरून फांदी तोडणाऱ्याला कोण हटकतं, त्याचा दंड कोण ठरवतं आणि तो पैसा कुणाच्या खिशात जातो हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं की जंगल टिकतं का जातं हे बरंचसं याच गोष्टींवर ठरतं. हे पत्र त्यासाठीच आहे, आणि लांबलंय, तेव्हा सवडीने वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा सामाईक कुरणावरचा १९६८ सालचा तो प्रसिद्ध लेख असणार. सगळ्यांचं कुरण, प्रत्येक गुराखी आपलं आणखी एक जनावर सोडतो कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि चराईचं नुकसान सगळ्यांत वाटलेलं, आणि शेवटी कुरण संपतं. यावरून निष्कर्ष काय, तर एकतर सरकारने ताबा घ्यावा नाहीतर वाटून खासगी करावं. पण त्या चित्रातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत हो! कुणी कुणाला ‘तुझं जनावर जास्त झालं’ असं म्हणत नाही, चावडीवर बसत नाही, राखणदार नेमत नाही. ते कुरण सगळ्यांचं नव्हतंच, ते बेवारस होतं. हार्डिनने स्वतः नंतर, १९९८ साली, मान्य केलं की आपला मुद्दा ज्या सामाईक गोष्टीला कुणाचीच व्यवस्था नाही तिलाच लागू होतो. तोपर्यंत तीस वर्षं जगभरच्या वनखात्यांनी त्या लेखाचा हवा तसा वापर करून घेतला होता, ते सोडा.

आता एकच प्रदेश घेऊन बघूया, कारण तिथे सरकारी आणि गावाचे असे दोन्ही प्रयोग एकाच डोंगरावर शेजारी शेजारी झालेत. कुमाऊँ, आजच्या उत्तराखंडातला.

१८९३ साली इंग्रज सरकारने तिथली मोजणी न झालेली सगळी जमीन, म्हणजे ज्यावर शेतसारा बसला नव्हता ती डोंगर, उतार, जंगल सगळी, एका फटक्यात संरक्षित जंगल म्हणून जाहीर केली. मग १९११ ते १९१७ या काळात त्यातलं बरंचसं राखीव केलं. राखीव म्हणजे किती जनावरं चारायची, किती फांद्या छाटायच्या, घरासाठी लाकूड किती मिळेल, सगळं खात्याच्या परवानगीने. आणि खात्याला हवं होतं काय? चीड, म्हणजे तिथला पाईन. रेल्वेच्या स्लीपरला लाकूड आणि टर्पेंटाईनसाठी त्याचा डिंक, ज्याला तिकडे लीसा म्हणतात. लोकांना हवा होता बांज, म्हणजे तिकडचा ओक. हिवाळ्यात गवत संपलं की गुरांना त्याचा पाला, त्याची खाली पडलेली पानं गोठ्यात अंथरायची आणि मग तेच शेणखत, आणि जिथे बांज तिथे झरे टिकतात असा लोकांचा पिढ्यांचा अनुभव. चीडच्या सुया जनावर खात नाही, उन्हाळ्यात त्यांचा जमिनीवर गालिचा पडतो आणि ठिणगी पडली की भडका. लोक पूर्वी त्या सुया मुद्दाम जाळायचे, म्हणजे पावसात खाली कोवळं गवत फुटतं. खात्याने जाळायला बंदी केली, कारण चीडची रोपं मरतात. म्हणजे भांडण नुसत्या मालकीचं नव्हतं, जंगलात कुठलं झाड असावं आणि ते कशासाठी असावं याचंच होतं.

मग आलं १९२१. जानेवारीत बागेश्वरला लोकांनी वेठबिगारीची रजिस्टरं सरयू नदीत फेकून दिली, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँभर राखीव जंगलांना आगी लागल्या. लागल्या म्हणजे लावल्या. यातली बघण्यासारखी गोष्ट अशी की जळली ती मुख्यतः चीडची जंगलं. बांजाची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना आगी लावल्याच्या नोंदी सापडत नाहीत. रागाच्या भरात असलेला माणूससुद्धा कुठलं जंगल आपलं आणि कुठलं खात्याचं हे नीट ओळखून काडी लावत होता. ज्यांना अडाणी, जंगलाचे शत्रू म्हणून हाकललं त्यांची ही निवड.

सरकार हादरलं, चौकशी समिती नेमली, आणि जंगलांचे दोन वर्ग केले. ज्यांना व्यापारी किंमत ती दुसऱ्या वर्गात, वनखात्याकडेच राहिली. ज्यांना फारशी किंमत नाही ती पहिल्या वर्गात, महसूल खात्याकडे दिली आणि त्यांच्यावरचे निर्बंध बहुतेक काढून टाकले. वाटलं लोक खूश होतील. पण झालं काय, तर पहिल्या वर्गातली जंगलं भराभर उजाड व्हायला लागली. इथे तुमच्यातले सरकारवाले लगेच म्हणतील, बघा, लोकांना मोकळं सोडलं की हेच होतं. थांबा जरा. ती लोकांना दिली नव्हती, नुसती मोकळी सोडली होती. कागदावर मालक सरकार, राखणदार कुणी नाही, आणि गावाला दुसऱ्या गावच्या माणसाला अडवायचा अधिकार नाही. अडवलं तर तो म्हणणार तू कोण? हार्डिनचं बेवारस कुरण ते हे, आणि ते सरकारी आदेशानेच तयार झालं. जिथे जिथे सरकार जंगल ताब्यात घेतं आणि राखायला माणूस देत नाही तिथे तिथे हेच होतं. नेपाळने १९५७ साली खासगी जंगलांचं राष्ट्रीयीकरण केलं, डोंगरातली जंगलं राखायला यंत्रणा नव्हतीच, गावांचे जुने नियम मात्र कायद्याने मोडीत निघाले, आणि पुढे तिथल्या सरकारलाच टप्प्याटप्प्याने जंगलं गावांच्या गटांकडे द्यावी लागली, १९९३ च्या वन कायद्याने तर रीतसर.

कुमाऊँला परत येऊ. १९३१ साली वन पंचायतीचे नियम आले. गावातल्या ठरावीक हिश्श्याच्या लोकांनी अर्ज केला की गावालगतचं जंगल आखून दिलं जायचं, काही पंच निवडायचे, त्यातला एक सरपंच. त्या पंचायतीला राखणदार नेमता यायचा, गवत-पाल्याचे नियम करता यायचे आणि नियम मोडणाऱ्याला लहानसा दंड करता यायचा. जंगल साफ करून शेती करायला बंदी, विक्रीसाठी झाडं तोडायची तर वरची परवानगी. म्हणजे मालकी पूर्ण नव्हतीच, पण रोजचा कारभार हातात होता. गावांना हे अगदी नवीनही नव्हतं, त्याआधी लठ पंचायती नावाने अशी व्यवस्था काही ठिकाणी चालतच होती. आज उत्तराखंडात अशा वन पंचायती हजारोंनी आहेत.

आता त्या चालतात कशा ते जरा जवळून बघा. गवताचा पट्टा पावसाळाभर बंद, कुणी पाऊल टाकायचं नाही. पावसाळा सरला की बैठकीत तारीख ठरते, त्या दिवसापासून अमुक दिवस उघडा, घरटी एक किंवा दोन माणसं, हातात विळा चालेल कुऱ्हाड नाही. बांजाचा पाला हिवाळ्यात, तोही एका वर्षी जंगलाचा एक भाग, दुसऱ्या वर्षी दुसरा, आणि झाडाचा शेंडा सोडून. राखणदार गावातलाच, त्याला पगार कधी रोख, कधी घराघरातून धान्य. कुणी बंद पट्ट्यात सापडलं तर पहिल्यांदा विळा जप्त, मग बैठकीत बोलावून थोडा दंड, परत केलं तर जास्त, आणि अगदीच मानत नसेल तर वर तक्रार. पहिल्याच चुकीला कोर्टकचेरी नाही. आलेला दंड राखणदाराच्या पगारात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांचा जगभर अभ्यास केल्याबद्दल, आणि त्यांना टिकलेल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी हेच दिसलं, हद्द ठरलेली, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखणदार वापरणाऱ्यांना जबाबदार, आणि शिक्षा हळूहळू चढत जाणारी. (जपानमधल्या जुन्या गावांत तर सामाईक डोंगरावर गस्त घालणारी तरुण पोरं पकडलेल्या माणसाकडून पैशांसोबत दारूही वसूल करायची आणि ते सगळ्यांना मान्य होतं. आपल्याकडे कुणी असा नियम लिहून आणला तर फाईल कुठवर जाईल याचा विचार करतोय.)

राखणदाराचं गणित समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडतं. समजा राखणदाराला महिन्याला सहा हजार रुपये द्यायचेत. गाव वीस घरांचं असेल तर घरटी तीनशे, गरीब घराला जड, दोन घरांनी दिले नाहीत की राखणदार सोडून जातो. गाव शंभर घरांचं असेल तर घरटी साठ, होऊन जातं. पाचशे घरांचं असेल तर घरटी बारा रुपये, पण आता कोण देत नाही ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि बैठकीला माणसं जमवताना सरपंचाच्या नाकी नऊ येतात. कुमाऊँच्या वन पंचायतींच्या अभ्यासातही हेच निघालं, फार छोटी गावं राखण परवडत नाही म्हणून मागे पडतात, मध्यम आकाराची बरी चालवतात. ‘छोटा समूह म्हणजे एकजूट’ हे ऐकायला छान वाटतं, पण एकजुटीने राखणदाराचा पगार भरत नाही. पैसे नसतील तर पाळी लावता येते, ओडिशात ठेंगापल्ली म्हणतात, काठी आज माझ्या दारात, उद्या शेजाऱ्याच्या, ज्याच्या दारात काठी त्याने त्या दिवशी जंगल राखायचं. फुकट वाटतं, पण मजुरी बुडते, आणि ती सगळ्यात जास्त बोचते ते हातावर पोट असणाऱ्याला.

बरं, मग निकाल काय? ई. सोमनाथन, आर. प्रभाकर आणि बी. एस. मेहता यांनी २००९ साली याच भागातल्या वन पंचायतींची आणि सरकारी जंगलांची तुलना छापली. जवळजवळची जंगलं घेतली, म्हणजे उंची, उतार, झाडं, गावापासूनचं अंतर यांचा फरक कमीत कमी राहील, आणि झाडोरा किती टिकलाय ते तपासलं. निष्कर्ष असा की गावाने राखलेली जंगलं सरकारी जंगलांपेक्षा वाईट नाहीत, कदाचित थोडी चांगलीच आहेत, आणि हेक्टरी खर्च मात्र सरकारी खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. यात ‘गावाने चमत्कार केला’ असं कुठेच नाहीये, हे नीट लक्षात घ्या. सरकारएवढंच राखलं, पण कितीतरी स्वस्तात राखलं. ज्या सरकारकडे गार्डच्या जागा भरायला पैसे नाहीत त्याने तरी हा आकडा भिंतीवर लावायला हवा.

आता खासगीवाल्यांकडे वळतो, कारण त्यांचा युक्तिवाद वरवर सगळ्यात पक्का दिसतो. स्वतःचं असलं की माणूस जपतो. जपतो, पण कशाची किंमत म्हणून? समजा तुमच्या जंगलात शंभर रुपयांचं लाकूड उभं आहे आणि ते वर्षाला तीन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे पुढच्या वर्षी एकशे तीन. तेच आज तोडून पैसे आठ टक्क्यांनी लावले तर एकशे आठ. निव्वळ हिशोब बघणाऱ्या मालकासाठी हळू वाढणारं जंगल म्हणजे अडकलेला पैसा. तो लोभी नाही, वेडा नाही, त्याचं गणित बरोबर आहे. आणि झरा, माती, खालच्या गावचं पाणी, पाखरं यांचं बिल त्याला कुणी पाठवत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही, मग ते त्याच्या वहीत येणार कुठून?

हे नुसतं कागदी नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला हम्बोल्ट काउंटीत पॅसिफिक लंबर नावाची कंपनी होती, जुन्या रेडवुडच्या जंगलाची मालक. एकाच कुटुंबाच्या हातात बराच काळ, आणि तिचं धोरण असं की निवडून तोडायचं, जंगल वाढेल त्याच्या बेताने, म्हणजे पोरानातवांनाही काम राहील. खासगी मालक जपतो याचं अगदी पुस्तकातलं उदाहरण. आणि जपलं म्हणूनच ती गेली! कारण उभं लाकूड प्रचंड साठलं होतं आणि शेअरच्या भावात त्याची पूर्ण किंमत दिसत नव्हती. १९८५ साली मॅक्सॅम नावाच्या कंपनीने जंक बॉंडच्या, म्हणजे जास्त व्याजाच्या आणि जास्त जोखमीच्या, कर्जावर ८० कोटी डॉलरच्या वर मोजून ती ताब्यात घेतली. आता एवढ्या कर्जाचं व्याज फेडायचं कशातून? जंगलातून. तोड दुपटीच्याही वर गेली. मग झाडांवर चढून बसणारे आंदोलक, कोर्ट केसेस, आणि १९९९ साली सरकारांनी मिळून जवळजवळ ४८ कोटी डॉलर देऊन त्यातला सगळ्यात जुना तुकडा वाचवायला विकत घेतला. २००७ ला कंपनी दिवाळखोरीत. म्हणजे जपणारा खासगी मालक हा बाजारात शिकार ठरू शकतो, त्याने जपलेलंच त्याच्या गळ्याशी येतं. ‘मालक जपतो’ म्हणणाऱ्यांनी मालक बदलला की काय होतं हेही सांगावं, कारण खासगीचा अर्थच मुळी विकता येणं असा आहे.

चिलीत आणखी एक प्रकार झाला. १९७४ च्या डिक्री ७०१ ने खासगी लागवडीला सरकारने खर्चाच्या तीन चतुर्थांशापर्यंत सबसिडी दिली. झाडं वाढली? वाढली, लाखो हेक्टर. पण पाईन आणि निलगिरीची, एकाच वयाची, रांगेत उभी. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की झाडांखालचं क्षेत्र वाढलं पण मूळचं जंगल उलट कमी झालं. उपग्रहाच्या फोटोत सगळं हिरवंच दिसतं हो, म्हणून फक्त हिरव्या टक्क्यांवर खूश होऊ नका. अर्थात लाकूड हेच पीक असेल, झाड लवकर वाढणारं असेल आणि खालच्या बाजूला कुणाचं पाणी अडत नसेल तर खासगी लागवड उत्तम चालते, त्याला माझा विरोध नाही. कुंपणातल्या निलगिरीला राष्ट्रीय धोरण लागत नाही. प्रश्न आहे तो जिथे एकाच जंगलातून पन्नास घरं पन्नास गोष्टी घेतात तिथला. ते जंगल वाटून टाकलं तर कुणाच्या वाट्याला झरा येईल आणि कुणाच्या वाट्याला खडक, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्या वाट्याला तर काहीच नाही.

आता तिसऱ्या गटालाही थोडं ऐकवतो, कारण गावाचं नाव घेतलं की डोळे मिटून टाळ्या वाजवणारेही खूप आहेत. वन पंचायतीत गवत कापतं कोण? बाई. पाल्याचा भारा डोक्यावर कुणाच्या? बाईच्या. आणि पट्टा कधी बंद आणि कधी उघडा हे ठरवणाऱ्या बैठकीत बरीच वर्षं बसायचे ते पुरुष. मग बंदी अशा वेळी लागते जेव्हा घरात चारा संपलेला असतो, आणि दंडही बाईलाच. बिना अगरवाल यांच्या नेपाळ आणि गुजरातमधल्या अभ्यासात दिसलं की कार्यकारी समितीत बायका जास्त असतात तिथे जंगल जास्त चांगलं सावरतं. यात भावनेचा भाग सोडून द्या, जिला रोज जंगलात जावं लागतं तिला कुठला नियम पाळता येईल आणि कुठला मोडावाच लागेल हे माहीत असतं. न पाळता येणारा नियम म्हणजे चोरीला आमंत्रण.

दुसरी गोष्ट, गाव आपलं जंगल बंद करतं तेव्हा कुऱ्हाड थांबतेच असं नाही, ती कधी कधी शेजारच्या राखीव जंगलात जाते. म्हणून एखाद्या गावाचं जंगल बघायला गेलात तर पलीकडचा डोंगरही बघा. झाड बघायचं कसं तेही सांगतो. बांज वारंवार ओरबाडलेला असेल तर त्याचा खांब होतो, वर चवरीसारखा एक झुपका. खाली बघा, नवी रोपं आहेत का. मोठी झाडं डेरेदार आणि खाली एकही रोप नाही म्हणजे चराईवर नियम नाही, तीस वर्षांनी ते जंगल संपणार आहे, आज कितीही फोटोजेनिक दिसू दे. आणि मग पंचायतीची वही मागा. दंडाच्या बारीक बारीक नोंदी नियमित असतील तर व्यवस्था जिवंत आहे. नोंदी शून्य असतील तर गाव फार सज्जन आहे असं समजू नका, बहुतेक वेळा राखणदारच फिरत नाहीये. एकदम मोठा दंड एखाद्याच घराला, तोही परत परत, म्हणजे तिथे कुणीतरी कुणावर राग काढतंय.

आणि तिसरी गोष्ट थेट तुमच्याशी संबंधित आहे. १९३१ चे नियम जसे होते तसे राहिले नाहीत. १९७६ च्या नियमांनी उत्पन्नात वाटेकरी वाढवले, खर्चाला वरच्या मंजुऱ्या आल्या. २००१ च्या नियमांनी खात्याचा हात पंचायतीच्या कारभारात आणखी आत गेला. मधल्या काळात मोठे प्रोजेक्ट आले, पैसा आला, आराखडे खात्याने लिहिले. काही गावांत तर ज्या बायका स्वतःहून गस्त घालत होत्या त्यांच्या जागी प्रोजेक्टच्या पैशाने पगारी चौकीदार बसवला. प्रोजेक्टचा पगार बंद झाल्यावर तो कशाला फिरेल? आणि बायकांनी परत का यावं? बोर्डावर ‘समुदाय व्यवस्थापन’ लिहिलेलं तसंच राहतं. नियम वर बनतो, पैसा वरून येतो, गावाकडे उरते ती फक्त सही. मग दहा वर्षांनी तुमच्याच अहवालात येतं की समुदाय व्यवस्थापन अपयशी ठरलं.

अश्विनी छत्रे आणि अरुण अगरवाल यांनी २००९ साली आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या १० देशांमधली ८० सामाईक जंगलं तपासली. जिथे जंगल मोठं होतं आणि स्थानिक लोकांना नियम बनवायची मोकळीक जास्त होती तिथे जंगलात साठलेला कार्बनही जास्त आणि लोकांच्या पोटापाण्यालाही हातभार जास्त. म्हणजे किती अधिकार दिला याने फरक पडतो, नुसतं गावाचं नाव लावल्याने नाही. आणि ‘मोठं जंगल’ हाही मुद्दा बघा, आपण गावाला देतो ते उरलेसुरलेले उजाड तुकडे आणि म्हणतो आता दाखवा करून.

सरकारचं काम संपतं का मग? अजिबात नाही. ट्रक घेऊन येणारा लाकूडमाफिया गावच्या राखणदाराच्या काठीला घाबरत नाही, तिथे पोलीस आणि गार्डच लागतो. दोन गावांची हद्दीवरून मारामारी लागली तर निवाडा तिसऱ्यानेच करायचा. सरपंचच विकून खायला लागला तर त्याला हटवणारं कुणी हवं. वणवा पाच गावांच्या सीमा ओलांडतो. ही कामं सरकारचीच, आणि ती सोडून सरकार गवताच्या विळ्यामागे धावतं हेच तर दुखणं आहे. आणि वस्ती विरळ असलेलं, कुणी चारा-लाकडासाठी जात नाही असं आतलं जंगल असेल तर ते गावाच्या गळ्यात घालण्यातही अर्थ नाही, ज्याचा रोज उपयोग नाही त्याला कोण राखणार? उत्तराखंडातच बघा, माणसं शहरात गेली, घरात गॅस आला, गुरं कमी झाली, आणि काही वन पंचायतींना बैठकीचा कोरम मिळेना. गरज संपली की काही जंगलं आपसूक सावरतात, काहींत चीडच्या सुया साठत जातात आणि वणवा लागला की विझवायला गावात धडधाकट माणूस नसतो. यावर मालकी बदलून काही होणार नाही, विझवायला येणाऱ्याला मजुरी वेळेत द्यावी लागेल.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी कुठल्याही जंगलाची फाईल समोर येईल तेव्हा सरकारी, खासगी की गावाचं या रकान्यावर टिक करण्याआधी अजून काही रकाने जोडा. तिथून रोज कोण काय नेतं, आणि त्यातल्या किती बायका बैठकीत आहेत. नियम कोण बनवतं, आणि तो चुकला तर कुणाला न विचारता बदलता येतो का. राखणदाराचा पगार कुठून येतो, आणि तुमचा प्रोजेक्ट संपल्यावर कुठून येईल. दंडाचा पैसा गावात राहतो की ट्रेझरीत जातो. आणि गावाने वर तक्रार केली तर किती दिवसांत उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर आहे, कारण आत्ता तरी गावावर सगळ्या मुदती आहेत आणि तुमच्यावर एकही नाही. हे रकाने भरून फाईल लोकांसमोर ठेवा, हरकती मागवा, आणि मग खुशाल सही करा.

कळावे,
आपला,
एक नागरिक